‘डिलिव्हर्ड’ दाखवतंय, पण पार्सल आलंच नाही: विक्रेत्याला तक्रारीचा ईमेल कसा लिहायचा?

ऑनलाइन मागवलेली वस्तू घरी आलेली नाही, आणि ॲपवर मात्र हिरव्या टिकमार्कसह ‘डिलिव्हर्ड’ असं लिहिलेलं आहे. अशा वेळी बहुतेक जण त्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढतात, विक्रेत्याला पाठवतात आणि खाली लिहितात, “हे बघा, पार्सल मिळालं नाही.” त्यावर साचेबद्ध उत्तर येतं, “सर, आमच्या रेकॉर्डप्रमाणे ऑर्डर डिलिव्हर झालेली आहे.” मग दोन्ही बाजू तेच तेच बोलत राहतात आणि दिवस निघून जातात.

हे का होतं आणि पहिलाच ईमेल कसा लिहिला तर विक्रेत्याला टाळाटाळ करणं अवघड जातं, ते या लेखात पाहू. उदाहरणासाठी सातारा आणि सांगली हे शेजारचे दोन जिल्हे घेतले आहेत, कारण इथल्या पत्त्यांची आणि पिनकोडची काही खास गुंतागुंत आहे. उदाहरणातली ऑर्डर काल्पनिक आहे. नियम आणि मुदती मात्र खऱ्या आहेत.

स्क्रीनशॉट नेमकं काय सांगतो?

‘डिलिव्हर्ड’ ही नोंद पार्सल पोचवणाऱ्या मुलाने त्याच्या मोबाइलमध्ये बटण दाबल्यावर तयार होते. तिथून ती कुरिअर कंपनीच्या यंत्रणेत जाते आणि मग विक्रेत्याच्या किंवा शॉपिंग ॲपच्या पानावर दिसते. म्हणजे तुम्ही पाहता ती कुरिअरने केलेली नोंद असते. पार्सल तुमच्या हातात पडलं की नाही, हे त्या बटणाला कळत नाही.

म्हणूनच नुसता स्क्रीनशॉट पाठवला तर तो वरवर तुमच्याच विरुद्ध जातो. त्यावर ‘पोचलं’ असं लिहिलेलं आहे आणि तुम्ही म्हणताय ‘पोचलं नाही’. ईमेलमध्ये स्क्रीनशॉटचा उपयोग वेगळा करायचा असतो. त्यातली तारीख, वेळ आणि ट्रॅकिंग नंबर उचलायचा आणि विचारायचं की ही नोंद कशाच्या आधारावर केली, तो आधार दाखवा. या आधाराला कुरिअरच्या भाषेत ‘पीओडी’ म्हणजे प्रूफ ऑफ डिलिव्हरी म्हणतात. घेणाऱ्याचं नाव, सही, दारात ठेवलेल्या पार्सलचा फोटो, ओटीपी टाकल्याची वेळ किंवा बटण दाबलं तेव्हाचं जीपीएस ठिकाण, यांपैकी एक किंवा अनेक गोष्टी त्यात असतात.

खोटी किंवा चुकीची नोंद होण्याची कारणं बहुधा साधी असतात. दिवसभराची पार्सलं संध्याकाळपर्यंत ‘संपवायची’ असतात, म्हणून काही वेळा आधी बटण दाबलं जातं आणि पार्सल दुसऱ्या दिवशी येतं. कधी ते शेजारी, सोसायटीच्या वॉचमनकडे किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवलेलं असतं आणि कोणी सांगितलेलंच नसतं. कधी ते चुकीच्या घरी दिलेलं असतं. आणि कधी ते वाटेत गहाळ झालेलं किंवा चोरलेलं असतं. तुमच्या ईमेलने यातलं कोणतं कारण खरं आहे हे ठरवायचं नसतं. ते शोधण्याची जबाबदारी ज्याची आहे, त्याला शोधायला लावायचं असतं.

सातारा-सांगलीतली पिनकोडची भानगड

सातारा शहराचा पिनकोड ४१५००१ आणि कराडचा ४१५११०. त्यामुळे ‘४१५ म्हणजे सातारा जिल्हा’ असं अनेकांना वाटतं. पण सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा पिनकोड ४१५३११ आणि इस्लामपूरचा ४१५४०९ आहे. म्हणजे जिल्हा सांगली, पण पिनकोड ४१५ चा. सांगली शहर ४१६४१६ आणि मिरज ४१६४१० हे मात्र ४१६ मध्ये येतात. उलट सातारा जिल्ह्यातलं वाई ४१२८०३ आहे, आणि हे ४१२ पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातही चालतं. ४१५ तर रत्नागिरी आणि चिपळूणलाही आहे.

पार्सलची पहिली विभागणी पिनकोडवर होते. जिल्ह्याचं नाव त्यानंतर पाहिलं जातं. पत्त्यात ‘जि. सातारा’ लिहिलं आणि पिनकोड विट्याचा पडला, तर पार्सल विट्याकडे जाऊ शकतं. त्यातच एकाच नावाची गावं आणि वाड्या दोन्ही जिल्ह्यांत सापडतात, आणि इस्लामपूरसारख्या ठिकाणी जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं पत्त्यात लिहिली जातात. म्हणून तक्रार लिहिण्याआधी ऑर्डरवर छापलेला पत्ता आणि पिनकोड अक्षर न् अक्षर तपासा. चूक तुमच्या बाजूने झालेली असेल तर ती ईमेलमध्ये स्पष्ट लिहा. लपवली तर पुढे तीच गोष्ट तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. पत्ता बरोबर असेल तर तेही लिहा, कारण ‘पत्ता चुकीचा होता’ हे उत्तर तिथेच बाद होतं.

ईमेलच्या आधीचा अर्धा तास

सगळ्यात आधी घरात, शेजारी, वॉचमनकडे आणि जवळच्या दुकानात विचारून घ्या. कोणाला, किती वाजता विचारलं ते कागदावर टिपून ठेवा. ईमेलमध्ये हे एका वाक्यात येणार आहे.

मग स्क्रीनशॉट नीट काढा. नुसता हिरवा टिकमार्क कापून पाठवला तर त्याचा फारसा उपयोग नाही. ऑर्डर नंबर, वस्तूचं नाव, पत्ता, ट्रॅकिंग नंबर, आणि ‘डिलिव्हर्ड’च्या पुढची तारीख व वेळ दिसली पाहिजे. ट्रॅकिंगची पूर्ण यादी उघडून तिचाही स्क्रीनशॉट घ्या, म्हणजे पार्सल कुठून कुठे कधी गेलं ते दिसेल. फोनच्या वरच्या पट्टीतली वेळ राहू द्या. ही पानं नंतर बदलू शकतात, म्हणून हे काम त्याच दिवशी करा. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरवलेली प्रत पुसट होते आणि त्यातली मूळ माहितीही निघून जाते.

त्यानंतर तोच ट्रॅकिंग नंबर कुरिअर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर टाकून पाहा. तिथे अनेकदा जास्त माहिती मिळते. शॉपिंगच्या पानावर फक्त ‘डिलिव्हर्ड’ असतं, तर कुरिअरच्या पानावर कोणी घेतलं, कोणत्या शाखेतून निघालं आणि पार्सलचं वजन किती होतं हेही असू शकतं. दोन पानांवरच्या वेळा किंवा गावं जुळत नसतील तर तो तुमच्या तक्रारीतला सर्वांत मजबूत मुद्दा ठरतो.

शेवटी फोनमधले एसएमएस तपासा. ओटीपी आला होता का? घरातल्या कोणी तो फोनवर कोणाला सांगितला का? ओटीपी सांगितला गेला असेल तर विक्रेता ‘तुम्हीच ओटीपी दिला’ असं म्हणेल, आणि तुम्हाला ते आधी माहीत असायला हवं.

एक-दोन दिवस थांबून बघू, असं वाटणं साहजिक आहे. पण थांबायचं असेल तर ईमेल पाठवून थांबा. अनेक विक्रेत्यांच्या अटींमध्ये ‘पार्सल मिळालं नाही’ हे कळवण्यासाठी मोजकेच दिवस दिलेले असतात. विक्रेत्यालाही कुरिअरकडे दावा करायला ठरलेली मुदत असते. सांगलीतला छोटा व्यापारी असेल तर त्याने माल प्रामाणिकपणे पाठवलेला असू शकतो. तुमचा ईमेल लवकर गेला तर त्याचेही पैसे वाचतात.

ईमेल कोणाला पाठवायचा?

तुमचा व्यवहार विक्रेत्याशी झालेला आहे. कुरिअर विक्रेत्याने किंवा शॉपिंग ॲपने नेमलेला असतो. म्हणून मुख्य ईमेल विक्रेत्याला जातो. खरेदी एखाद्या मोठ्या ॲपवरून केली असेल तर ॲपच्या मदत विभागातही तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० जुलै २०२० मध्ये लागू झाले. या नियमांप्रमाणे ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो आणि त्याचं नाव, पद आणि संपर्क आपल्या वेबसाइटवर किंवा ॲपवर द्यायचा असतो. बहुधा तो पानाच्या अगदी तळाशी सापडतो. या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचं निवारण करायचं, असं नियम सांगतो. अशा ॲपवर माल विकणाऱ्या विक्रेत्यालाही असाच अधिकारी नेमण्याचं बंधन आहे. म्हणून ईमेल विक्रेत्याच्या नावाने लिहा आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला त्याची प्रत लावा. ४८ तासांची आणि एका महिन्याची मोजणी तिथून सुरू होते.

इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवरून नियमित धंदा करणारा विक्रेताही ग्राहक कायद्याच्या बाहेर नाही. नियमांतून सूट आहे ती नियमित व्यवसाय म्हणून नव्हे, तर वैयक्तिक पातळीवर एखादी वस्तू विकणाऱ्याला. अशा विक्रेत्याचा ईमेल नसेल तर हाच मजकूर चॅटमध्ये पाठवा, पण एकाच मोठ्या संदेशात. दहा तुकड्यांत पाठवलेली तक्रार नंतर कोणाला दाखवणं कठीण होतं.

एका गोष्टीची काळजी घ्या. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका. अशा शोधात फसवणूक करणाऱ्यांचे नंबरही वर येतात. संपर्क फक्त बिलावरून, ॲपमधून किंवा विक्रेत्याच्या वेबसाइटवरूनच घ्या. ‘रिफंडसाठी’ म्हणून कोणी लिंक, क्यूआर कोड किंवा ओटीपी मागितला तर तिथेच थांबा. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

नमुना ईमेल

धरून चालू की साताऱ्यातल्या एका ग्राहकाने सांगलीच्या विक्रेत्याच्या वेबसाइटवरून २ किलो हळद पूड आणि २ किलो बेदाणे मागवले. हळदीचे ५६० रुपये, बेदाण्यांचे ८२० आणि पोचवण्याचे ८०, असे एकूण १,४६० रुपये यूपीआयने दिले. ऑर्डर ५ मार्चची आहे. १० मार्चला दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी ‘डिलिव्हर्ड’ अशी नोंद झाली आणि पार्सल आलं नाही. ११ मार्चला सकाळी जाणारा ईमेल असा असेल. चौकोनी कंसात तुमचे तपशील भरायचे आहेत.

विषय: ऑर्डर क्र. [नंबर] – ‘डिलिव्हर्ड’ नोंद, पार्सल मिळालेले नाही – पोचवल्याचा पुरावा व निराकरण हवे

महोदय,

मी ५ मार्च २०२६ रोजी आपल्या वेबसाइटवरून हळद पूड (२ किलो) आणि बेदाणे (२ किलो) मागवले. ऑर्डर क्र. [नंबर], ट्रॅकिंग क्र. [नंबर]. एकूण १,४६० रुपये त्याच दिवशी यूपीआयने दिले, व्यवहार क्र. [नंबर].

आपल्या पानावर हे पार्सल १० मार्च २०२६ रोजी दुपारी ४.१२ वाजता ‘डिलिव्हर्ड’ झाल्याचे दाखवले आहे (स्क्रीनशॉट १ व २). हे पार्सल मला किंवा माझ्या घरातील कोणालाही मिळालेले नाही. त्या वेळी घरी माझी आई होती. शेजारी आणि इमारतीच्या वॉचमनकडे मी त्याच संध्याकाळी चौकशी केली. त्यांच्याकडेही पार्सल दिलेले नाही. मला डिलिव्हरीचा फोन किंवा ओटीपी आलेला नाही. ऑर्डरवरील पत्ता आणि पिनकोड ४१५००१ बरोबर आहेत.

कृपया शुक्रवार, १३ मार्चपर्यंत पुढील माहिती पाठवावी:
१. पार्सल कोणाला दिले त्याचे नाव आणि सही, फोटो किंवा ओटीपीची नोंद.
२. ‘डिलिव्हर्ड’ नोंद केली तेव्हाचे ठिकाण आणि पार्सलच्या प्रवासाची पूर्ण यादी, कुरिअरने नोंदवलेल्या वजनासह.

बुधवार, १८ मार्चपर्यंत पार्सल मला मिळावे. ते शक्य नसेल तर पूर्ण १,४६० रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत.

या तक्रारीची पोच आणि तक्रार क्रमांक कळवावा. ही तक्रार ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडेही पाठवत आहे.

[नाव, ऑर्डरवर दिलेला मोबाइल नंबर, पूर्ण पत्ता]

सोबत: १. ऑर्डरचे पान, २. ट्रॅकिंगची पूर्ण यादी, ३. बिल, ४. पैसे दिल्याची पावती

या ईमेलमध्ये असं का लिहिलं?

विषयाच्या ओळीतच ऑर्डर नंबर आहे, कारण मदत विभागात रोज शेकडो ईमेल येतात आणि पहिल्यांदा पाहणारा माणूस फक्त विषय वाचून ते पुढे सरकवतो. ‘अर्जंट!!!’ किंवा ‘फसवणूक’ असा विषय असेल तर कोणती ऑर्डर हे शोधण्यातच एक फेरी वाया जाते.

पूर्ण ईमेलमध्ये ‘चोरी’, ‘खोटारडे’, ‘फ्रॉड’ असे शब्द नाहीत. पार्सल चोरीला गेलं हे तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे ते एवढंच की ते मिळालं नाही. जेवढं माहीत आहे तेवढंच लिहिलं तर नंतर एकही वाक्य मागे घ्यावं लागत नाही. उद्या पार्सल शेजारच्या गल्लीत सापडलं, तरी या ईमेलमधलं काहीच खोटं ठरत नाही.

वजन विचारण्यामागे कारण आहे. चार किलोंच्या मालाचं पार्सल कुरिअरच्या यादीत अर्ध्या किलोचं दिसत असेल तर गडबड सांगलीतून निघतानाच झालेली असू शकते. चार किलोंपेक्षा थोडं जास्त वजन दिसत असेल तर माल निघाला होता आणि प्रश्न शेवटच्या टप्प्याचा आहे. विक्रेत्याला आणि तुम्हाला दोघांनाही हे एका आकड्यातून कळतं.

दोन तारखा वेगळ्या ठेवल्या आहेत. माहिती देणं हे सोपं काम आहे, त्याला दोन दिवस पुरतात. पार्सल शोधणं किंवा पैसे परत करणं याला आठवडा दिला. ‘लवकरात लवकर’ असं लिहिलं तर ते कधीच उशीर झालेलं ठरत नाही. तारीख आणि वार लिहिला की उशीर मोजता येतो.

विक्रेत्याच्या ठरलेल्या उत्तरांना काय म्हणायचं?

पहिलं उत्तर येतं, “कुरिअरशी बोला.” त्यावर एवढंच लिहा: ‘कुरिअरकडे पार्सल आपण सोपवलेलं आहे, त्यामुळे चौकशी आणि दावा आपणच करू शकता. माझा व्यवहार आपल्याशी आहे. कृपया कुरिअरकडे नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक मला कळवावा.’ कुरिअर कंपन्या नुकसानीचा दावा साधारणपणे पाठवणाऱ्याकडूनच घेतात, त्यामुळे हे उत्तर व्यवहारातही बरोबर आहे.

दुसरं उत्तर असतं, “पुरावा पाठवला आहे,” आणि सोबत एखादा फोटो किंवा सही. फोटो शांतपणे पाहा. दार तुमचं आहे का? फरशी, नावाची पाटी, चपलांचा स्टँड ओळखीचा आहे का? नसेल तर आपल्या दाराचा फोटो काढून शेजारी ठेवा आणि फरक एका वाक्यात लिहा. सहीच्या जागी नुसती रेघ असेल तर घरातल्या कोणाची ती नाही असं लिहा आणि घेणाऱ्याचं नाव पुन्हा मागा.

तिसरं उत्तर, “जीपीएस तुमच्याच भागातलं आहे.” एका गल्लीत किंवा वाडीवर अनेक घरं असतात. ठिकाण जवळचं असणं आणि पार्सल तुमच्या हातात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीपीएसवरून मुलगा त्या भागात आला होता एवढंच कळतं. अशा वेळी कोणाला दिलं हा प्रश्न धरून ठेवा.

चौथं उत्तर, “ओटीपी टाकलेला आहे.” हे सर्वांत अवघड. ओटीपी खरोखर आला नसेल तर तो कोणत्या नंबरवर आणि किती वाजता पाठवला ते विचारा. ऑर्डरवर जुना नंबर राहिलेला असू शकतो. घरातल्या कोणी फोनवर ओटीपी सांगितला असेल तर तो फोन कोणत्या नंबरवरून आला ते लिहा आणि खरं तेच सांगा. अशी तक्रार जिंकणं कठीण जातं, पण खोटं लिहिलं तर ती तिथेच संपते.

कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर?

यात तुमचे पैसे गेलेले नसतात, म्हणून अनेक जण सोडून देतात. पण ‘डिलिव्हर्ड’ नोंदीचा इथे अर्थ असा होतो की तुम्ही रोख पैसेही दिले. पुढे तुमच्या खात्यावर वाद दिसू शकतो, आणि हिशोबात घोळ घालणारा माणूस मोकळा राहतो. अशा वेळी परताव्याची मागणी करू नका. वरच्या नमुन्यात पैशांच्या वाक्याऐवजी लिहा: ‘मी या पार्सलसाठी कोणालाही रोख किंवा ऑनलाइन रक्कम दिलेली नाही. कृपया नोंद दुरुस्त करून पार्सल पोचवावे किंवा ऑर्डर रद्द करावी.’

उत्तरच आलं नाही तर पुढे काय?

मुदत उलटली की नवा ईमेल सुरू करू नका. त्याच ईमेलला उत्तर म्हणून दोन ओळींची आठवण पाठवा, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एका जागी राहतो.

त्यानंतरची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. १९१५ या नंबरवर मराठीत बोलता येतं. व्हॉट्सॲपसाठी ८८००० ०१९१५ हा नंबर आहे आणि consumerhelpline.gov.in या वेबसाइटवरही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. ती आदेश देऊ शकत नाही. तरीही ज्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत, त्यांच्याकडून इथे बरेचदा हालचाल होते. मात्र इथेही पहिला प्रश्न येतो, “तुम्ही कंपनीला लेखी कळवलं का?” त्याचं उत्तर तुमच्या ईमेलमध्ये तयार असतं.

कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे ‘वस्तू मिळाली नाही’ या कारणाने चार्जबॅक मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून विक्रेत्याचं उत्तर येईपर्यंत महिनोन्‌महिने थांबू नका. यूपीआयने दुकानाच्या खात्यावर दिलेल्या पैशांची तक्रार त्याच ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन करता येते. पण एखाद्या व्यक्तीच्या खासगी नंबरवर तुम्ही स्वतः पाठवलेले पैसे बँक सहसा परत फिरवू शकत नाही. इन्स्टाग्रामवरून खरेदी करताना हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत असा आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने एक मोठी सोय केली आहे. तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे दाखल करता येते. विक्रेता सांगलीचा असो, सुरतचा किंवा दिल्लीचा, साताऱ्यात राहणारा ग्राहक साताऱ्यातच तक्रार करू शकतो. e-jagriti.gov.in या वेबसाइटवरून ती ऑनलाइनही भरता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते.

कायद्यात अशा तक्रारींसाठी साधारण ३ महिन्यांचं उद्दिष्ट आहे, पण प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. १,४६० रुपयांसाठी तारखांना जायचं का, हा ज्याचा त्याचा हिशोब आहे. मोठ्या रकमेचा मोबाइल किंवा फ्रिज असेल तर उत्तर वेगळं येईल. आयोगापुढे गेलात तर बिल, पैसे दिल्याची पावती, ट्रॅकिंगचे मूळ स्क्रीनशॉट, तुमचा पहिला ईमेल आणि त्यावर आलेली किंवा न आलेली उत्तरं, हेच कागद लागतात. स्क्रीनशॉटसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तो कोणत्या फोनवर आणि कसा घेतला याचं प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं, म्हणून मूळ फोन आणि मूळ फाइल जपून ठेवायची.

पार्सल नंतर आलंच तर?

असं अनेकदा होतं. ‘डिलिव्हर्ड’ नोंदीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलगा दारात येतो. पार्सल घ्या, आलेल्या दिवसाचा आणि वेळेचा उल्लेख करून त्याच ईमेलला उत्तर पाठवा आणि तक्रार बंद करायला सांगा. डबा फुटलेला किंवा वजनाला हलका वाटत असेल तर उघडताना व्हिडिओ काढा आणि तेही त्याच उत्तरात कळवा. पैसे आधीच परत आले असतील आणि नंतर पार्सल आलं, तर विक्रेत्याला सांगून ते परत करा किंवा त्याची किंमत द्या. सांगलीच्या त्या व्यापाऱ्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे परत केलेले असतात.